फुगलेला मसुदा, सुकलेला मसुदा

अगं, तुझ्या वैयक्तिक निवेदनाचे दोन्ही मसुदे काल रात्री वाचले, आज सकाळी पुन्हा वाचले. पहिला तू कुठल्या कुठल्या नमुन्यांवरून बेतलास. तो वाचून मामा म्हणाले, ‘केवढी ही फुशारकी!’ मग तू बिचकलीस आणि दुसरा लिहिलास. आता विचारतेस, ‘ताई, यातला कुठला पाठवू?’ कुठलाच नको. पण टाकूही नकोस, कारण तुला हवं ते सगळं या दोन्हींच्या मागे पडलेलं आहे. फक्त ते कागदावर आलेलं नाही.

आधी एक गोष्ट नीट समजून घे, म्हणजे सूर कसा लावायचा ते आपोआप कळेल. इंग्लंडच्या विद्यापीठांसाठी यूकासवर जे वैयक्तिक निवेदन भरायचं असतं, ते 2026 च्या प्रवेशापासून एकसंध निबंध राहिलेलं नाही. आता तीन प्रश्न असतात. हा विषय का शिकायचा आहे? आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी तुझी तयारी कशी झाली? आणि शिक्षणाबाहेर तू काय केलंस, त्याचा उपयोग काय? तिन्ही उत्तरं मिळून 4000 अक्षरं, मोकळ्या जागा धरून. प्रत्येक उत्तर निदान 350 अक्षरांचं हवं. तू पाच अभ्यासक्रम निवडलेस तरी पाचही ठिकाणी हेच एक निवेदन जातं.

तुझे दहावीचे गुण आणि बारावीचा अपेक्षित निकाल अर्जात वेगळ्या जागी असतो. तू कशी मुलगी आहेस, वर्गात कुठे उभी आहेस, हे तुझ्या सरांच्या शिफारशीत येतं. म्हणजे गुण सांगायची जागा वेगळी, स्तुती करायची जागा वेगळी, आणि स्तुती करणारी माणसंही वेगळी. निवेदनात तुझ्यावर एकच काम आहे: तू काय केलंस आणि ते करताना तुझ्या डोक्यात काय चाललं होतं, ते सांगायचं. हे काम दुसरं कुणी करू शकत नाही, आणि तुझ्या दोन्ही मसुद्यांत नेमकं तेवढंच राहून गेलंय.

आता तुझीच वाक्यं समोर घेऊ. तू इंग्रजीत लिहिलंस, मी अर्थ मराठीत सांगते, म्हणजे शब्दांची झूल काढून आतलं बघता येईल. पहिल्या मसुद्यात आहे: ‘2019 च्या महापुराने माझं आयुष्य कायमचं बदललं. लहानपणापासूनच मला भूगोलाचं विलक्षण वेड आहे. उपजत नेतृत्वगुणांच्या बळावर मी माझ्या शहराच्या पूरप्रश्नावर अभिनव संशोधन प्रकल्प राबवला आणि असंख्य नागरिकांमध्ये जागृती घडवली.’

दुसऱ्या मसुद्यात त्याच गोष्टीबद्दल: ‘अकरावीत पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा या विषयासाठी प्रकल्प करायचा होता. आम्हाला पूर हा विषय मिळाला. गल्लीतल्या पूररेषांची मोजमापं घेण्यात आली. अहवाल सादर करण्यात आला. यातून खूप काही शिकायला मिळालं.’

पहिलं वाचताना मला वाटलं, ही मुलगी मोठं बोलतेय पण हिने नक्की केलं काय? दुसरं वाचताना वाटलं, काहीतरी झालंय खरं, पण तिथे ही होती कुठे? दुखणं एकच आहे. पहिल्यात दावा आहे आणि पुरावा नाही. दुसऱ्यात पुराव्याचे तुकडे आहेत, पण ‘हे मी केलं, याचा मला असा अर्थ लागला’ असं म्हणायची हिंमत नाही. म्हणून पहिल्यातली विशेषणं कमी करून आणि दुसऱ्यात चार घालून मधला सूर लागणार नाही. तसं केलंस तर मध्यम आकाराची फुशारकी होईल, एवढंच.

‘लहानपणापासूनच’ हा शब्द तर आजच खोडून टाक. यूकासने एकदा निवेदनांतल्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या सुरुवातींची यादीच दिली होती. त्यात ‘लहानपणापासून मला अमुक विषयाची ओढ आहे’ हे होतं, आणि ‘मी सध्या अमुक विषय शिकत आहे’ हेही होतं. बघ, एक फुगलेली सुरुवात आणि एक सुकलेली, दोन्ही हजारोंच्या हातची. आणि नमुन्यांवरून बेतण्याचा धोका वेगळाच. 2007 साली यूकासने निवेदनं एकमेकांशी ताडून पाहिली, तेव्हा 234 अर्जांत आठव्या वर्षी रसायनांशी खेळताना पायजम्याला भोक पाडल्याची तीच आठवण सापडली. ती आठवण नमुन्याच्या निवेदनातली होती. आजही प्रत्येक निवेदन आधीच्या निवेदनांशी ताडलं जातं आणि जास्त साम्य सापडलं तर विद्यापीठाला कळवतात. तुझ्या पहिल्या मसुद्यातलं ‘आयुष्य कायमचं बदललं’ हे तू उचललेलं नसशील, पण वाचणाऱ्याला ते उचललेलंच वाटेल.

म्हणून मघाशी फोनवर मी तुला निवेदनाबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, ‘मोजायला सुरुवात केलीत त्या दिवशी काय झालं?’ तू जे सांगितलंस ते मी लिहून ठेवलंय. तेच पुन्हा सांगते, कारण ते तुझ्या दोन्ही मसुद्यांपेक्षा शंभर पटीने चांगलं आहे.

तुम्ही तिघी होतात. गल्लीतल्या बऱ्याच घरांच्या भिंतींवर लोकांनी पुराच्या पाण्याची खूण करून शेजारी साल लिहून ठेवलंय, 2005, 2019, 2021. तुम्ही प्रत्येक घराच्या जमिनीपासून त्या खुणेपर्यंत टेपने मोजत गेलात. संध्याकाळी वहीत बघितलं तर लगतच्या दोन घरांत 2019 च्याच खुणेत सव्वा फुटाचा फरक. मैत्रीण म्हणाली, ‘सरासरी काढू आणि सोडून देऊ.’ तू म्हणालीस, ‘पाणी दोन्ही घरांत एकाच पातळीला उभं होतं, मग फरक येईलच कसा?’ दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका घरी जाऊन विचारलंस तेव्हा कळलं, की 2019 नंतर त्यांनी भराव टाकून जोतं उंच केलं होतं. जमीनच वर आली होती. मग बाबांच्या ओळखीच्या गवंडीकाकांकडून तू पाण्याची लेव्हल पाइप आणलीस, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या देवळाची खालची पायरी कायमचा बिंदू धरलीस आणि सगळ्या खुणा त्या पायरीपासून पुन्हा मोजल्यात. मग त्या दोन घरांचा फरक दोन बोटांवर आला.

अगं, यातलं एक अक्षरही तुझ्या मसुद्यांत नाही! पहिल्यात ‘अभिनव संशोधन’ म्हणून त्यावर झाकण घातलंस आणि दुसऱ्यात ‘मोजमापं घेण्यात आली’ म्हणून. भूगोल शिकवणारा माणूस ही गोष्ट वाचेल तेव्हा त्याला काय दिसेल सांगते. ही मुलगी न जुळणारा आकडा लपवत नाही. त्याचं कारण शोधायला परत त्या घरी जाते. आणि उंची ही नेहमी कशापासून तरी मोजलेली असते, हे तिला पुस्तकाआधी गल्लीत कळलंय. तुला यातलं काहीही स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागत नाही.

मग दुसऱ्या उत्तरातला हा भाग लिहायचा कसा? मी एकदा करून दाखवते, पण हे तसंच्या तसं इंग्रजीत उतरवू नकोस. तुझ्या शब्दांत, तुझ्या साध्या इंग्रजीत लिही.

‘अकरावीच्या प्रकल्पात आम्ही तिघींनी आमच्या गल्लीतल्या भिंतींवरच्या पूरखुणा मोजल्या. लगतच्या दोन घरांत 2019 च्या खुणेत सव्वा फुटाचा फरक आला. पाण्याची पातळी दोन्हीकडे एकच असणार, म्हणून मी आकड्यांची सरासरी काढण्याऐवजी कारण शोधायचं ठरवलं. एका घराचं जोतं पुरानंतर उंच केलेलं होतं. त्यानंतर मी सुचवल्याप्रमाणे आम्ही देवळाची पायरी आधारबिंदू धरून, गवंडी वापरतात त्या लेव्हल पाइपने सगळ्या खुणा पुन्हा मोजल्या. सांगलीत इर्विन पुलाजवळची कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, हे मी नेहमी ऐकत आले होते. ते 45 फूट कशापासून मोजतात, हा प्रश्न मला त्या आठवड्यात पहिल्यांदा पडला.’

बघ, ‘विलक्षण’, ‘अभिनव’, ‘उपजत’ यातलं काहीच नाही. तरी हा सूर दबलेलाही नाही. ‘मी ठरवलं’, ‘मी सुचवल्याप्रमाणे’ अशी दोन ठिकाणी तू सरळ उभी आहेस. आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं, की आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये. ते मला मान्यच आहे. पण स्वतः केलेलं काम स्वतः केलं म्हणणं ही स्तुती नव्हे, ती नोंद आहे. ‘करण्यात आली’, ‘संधी मिळाली’, ‘सहभाग लाभला’ असं लिहिलंस की काम कुणी केलं ते कळतच नाही, आणि वाचणारा ते तुझ्या खात्यावर जमा करू शकत नाही.

‘मी’ आणि ‘आम्ही’ यांच्याबाबत मात्र काटेकोर राहा. मोजणी तिघींची, म्हणून ‘आम्ही’. सरासरी नाकारून पुन्हा त्या घरी जाणं तुझं, म्हणून ‘मी’. प्रकल्पातला नकाशा कुणी काढला? तुझ्या मैत्रिणीने. मग तो ‘मैत्रिणीने काढलेला नकाशा’ असाच येऊ दे, किंवा येऊच देऊ नकोस. पहिल्या मसुद्यात सगळीकडे ‘मी’ आहे, दुसऱ्यात सगळीकडे ‘आम्ही’. दोन्ही तितकंच खोटं आहे, हे तुला पटायला हवं.

आता पहिल्या प्रश्नाकडे ये, हा विषय का. इथे तुझ्या फुगलेल्या मसुद्यात एक वाक्य आहे ज्याने मला खरंच काळजी वाटली: ‘अलमट्टी धरणामुळेच सांगलीला पूर येतो, हे मला माझ्या अभ्यासातून समजलं.’ एका गल्लीतल्या भिंतींवरच्या खुणा मोजून हे कळतं का गं? सांगलीत पारावर, दुकानात, लग्नाच्या पंगतीत सगळे हेच म्हणतात, म्हणून तुला ते सिद्ध झाल्यासारखं वाटलं. पुढच्याच ओळीत तू वडनेरे समितीचा अहवाल अभ्यासल्याचं लिहिलंयस. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या त्या समितीचा पूर्ण अहवाल तू वाचलेला नाहीस, हे मला माहीत आहे. जी पानं वाचलीस त्यांचंच नाव घे. काही विद्यापीठं मुलाखत घेतात आणि निवेदनातल्याच ओळीवर बोट ठेवून विचारतात, ‘या अहवालातलं तुम्हाला काय पटलं नाही?’ तेव्हा वाचलेल्या चार पानांवर तू अर्धा तास बोलशील. न वाचलेल्या पानांवर एक वाक्यही निघणार नाही.

आणि दुसऱ्या मसुद्यात तू या वादाचं नावच घेतलेलं नाहीस! वादात कशाला पडा, असं वाटलं असेल. पण विषय शिकायचं तुझं खरं कारण तिथेच आहे. तू मला म्हणालीस, ‘ताई, सगळे इतक्या खात्रीने बोलतात, पण धरणाचा फुगवटा इतक्या वरपर्यंत येतो की नाही हे तपासतात कसं, तेच मला माहीत नाही.’ हेच लिही. अकरा वर्षांची असताना घरात पाणी शिरलं. इर्विन पुलावर कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. त्यानंतर कारणांवरून मोठ्यांची भांडणं ऐकली. आमची मापं एका गल्लीची आहेत, त्यावरून पाणी किती चढलं ते सांगता येतं, का चढलं ते नाही. ते ‘का’ तपासायला पाऊस, नदीचा उतार, पात्रातली अतिक्रमणं, धरणांचं पाणी सोडण्याचं वेळापत्रक हे सगळं एकत्र मांडायला शिकावं लागतं, आणि ते मला शिकायचं आहे. यापेक्षा भक्कम उत्तर मला तरी सुचत नाही.

आपल्या कामाची मर्यादा अशी एका वाक्यात सरळ सांगितली की वाचणाऱ्याचा बाकीच्या वाक्यांवरही विश्वास बसतो. पण ती मर्यादा नेमकी असावी. ‘मला अजून फारसं काही येत नाही’ असलं काही लिहू नकोस, ते सुकलेल्या मसुद्याचंच शेपूट आहे. ‘या मापांवरून हे कळतं, ते कळत नाही’ असं लिही.

तिसरं उत्तर छोटं ठेवलंस तरी चालेल. गच्चीवर तू बाटलीचा पर्जन्यमापक करून पावसाळाभर पाऊस मोजलास. पहिल्या मसुद्यात त्याची ‘स्वतःची हवामान वेधशाळा’ झाली आणि दुसऱ्यात ‘मला पावसाची आवड आहे’ एवढंच उरलं. मी वही मागितली तेव्हा तू जरा ओशाळून म्हणालीस, ‘मध्ये कोल्हापूरला गेले होते, ते दिवस कोरे आहेत.’ ओशाळतेस कशाला? तू त्या रकान्यांत अंदाजाने आकडे भरले नाहीस, हीच तर तुझ्या नोंदवहीची किंमत आहे. लिही, ‘जून ते सप्टेंबर गच्चीवर रोज सकाळी पाऊस मोजला. घरी नव्हते त्या दिवसांच्या जागा कोऱ्या ठेवल्या.’ पुढे एक वाक्य, त्या नोंदींतून काय दिसलं. तुझ्या गच्चीवर फार पाऊस नसतानाही नदी चढत होती, हे तूच मला दाखवलंस ना? मग त्यातूनच वरच्या भागातल्या पावसाचा विचार सुरू झाला, हेही सांग. बाकी वक्तृत्व स्पर्धेचं बक्षीस, चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा, सायकल रॅली या सगळ्याला इथे जागा नाही. ते वाईट म्हणून नव्हे, भूगोल शिकण्याशी त्याचा धागा जुळत नाही म्हणून.

मग ‘नेतृत्वगुण’ आणि ‘वर्गात पहिली’ यांचं काय, असं तू विचारशील. ते सरांना लिहू दे. शिफारस त्यांची आहे, त्यात ढवळाढवळ करू नकोस, पण त्यांना भेटून एका कागदावर प्रकल्पात कुणी काय केलं, पुन्हा मोजणी का केली, ते चार ओळींत लिहून दे. सरांकडे वर्गात साठ-सत्तर मुलं असतात, त्यांच्या लक्षात सगळं कसं राहील? त्यांनी स्वतः पाहिलेलं ते स्वतःच्या शब्दांत लिहितील. ‘ही चिकाटीची आहे’ हे वाक्य सरांचं म्हणून आलं तर वजनदार होतं, तुझं म्हणून आलं तर पोकळ.

भाषेचं एकच सांगते. डिक्शनरीतून शोधून आणलेले जड इंग्रजी शब्द काढ. तू बोलताना जो शब्द वापरत नाहीस तो लिहूही नकोस. ‘पॅशनेट’ आणि ‘युनिक’ हे दोन तर नकोतच. प्रत्येक विशेषणावर बोट ठेवून वाक्य त्याच्याशिवाय वाच. वाक्य उभं राहिलं तर विशेषण फालतू होतं. वाक्य कोसळलं तर त्या वाक्यात मुळात काही नव्हतं, ते सगळंच काढ आणि त्या दिवशी काय केलंस ते लिही. तसंच ‘थोडंफार’, ‘जमेल तसं’, ‘छोटासा प्रयत्न’ यांवरही बोट ठेव. ही नम्रता नाही, हा आडोसा आहे. किती घरं मोजलीत तो आकडा लिहिलास की ‘छोटासा’ म्हणायची गरजच राहत नाही.

सूर बरोबर लागला की नाही, हे मला किंवा मामांना विचारू नकोस. आम्ही तुझ्यावर माया करणारी माणसं, आम्हाला नीट ऐकू येणार नाही. प्रकल्पातल्या दोघी मैत्रिणींना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखव. जिथे त्या एकमेकींकडे बघतील तिथे तू फुगवलंयस. जिथे त्या म्हणतील, ‘अगं, पण पाइपची कल्पना तर तुझीच होती, ते का नाही लिहिलंस?’ तिथे तू लपलीयस. दोन्ही जागा पेन्सिलीने खूण करून ठेव आणि त्याच दिवशी दुरुस्त कर.

यूकासच्या चौकटीत भरताना अक्षरं जास्त झाली तर काटछाट पहिल्या उत्तरातल्या पुराच्या वर्णनातून कर, दोन घरांच्या गोष्टीला हात लावू नकोस. आणि घाईने बटण दाबू नकोस: अर्ज एकदा पुढे गेला की निवेदन बदलता येत नाही. मैत्रिणींना वाचून दाखव, खुणा केलेला मसुदा रविवारपर्यंत मला पाठव, मग आपण दोघी मिळून शेवटचा हात फिरवू.